किमान सभाकक्ष प्रश्न

किमान सभाकक्ष प्रश्न हा संगणकशास्त्रातील वेळापत्रक-आखणीचा एक मूलभूत प्रश्न आहे. अनेक बैठकींच्या सुरू होण्याच्या व संपण्याच्या वेळा दिलेल्या असताना, एकही बैठक न हलवता आणि एका कक्षात एकाच वेळी दोन बैठका न येऊ देता, त्या सर्व घेण्यासाठी कमीत कमी किती कक्ष लागतील, हे त्यात शोधायचे असते. प्रारंभ आणि समाप्ती या दोन्ही प्रकारच्या घटना वेळेच्या क्रमाने लावून, त्यांवरून एकदाच पुढे सरकत चालू बैठकींची संख्या मोजणे, ही या प्रश्नाची प्रचलित उकल आहे. मोजणीत आढळलेली सर्वांत मोठी संख्या हेच उत्तर असते.

या रीतीचे वैशिष्ट्य असे की, कोणती समाप्ती कोणत्या बैठकीची आहे हे मोजणीसाठी लक्षात ठेवावे लागत नाही. रीतीचा साधेपणा यातूनच येतो आणि तिच्या वापरात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळही यातच असते.

## प्रश्नाची मांडणी

प्रत्येक बैठक प्रारंभ व समाप्ती या दोन वेळांनी दर्शवली जाते. प्रारंभाचा क्षण बैठकीत धरला जातो, समाप्तीचा क्षण मात्र धरला जात नाही. गणितात अशा अंतरालाला अर्धखुले अंतराल म्हणतात. या संकेतामुळे १०:३० वाजता संपणारी बैठक आणि १०:३० वाजता सुरू होणारी बैठक एकाच कक्षात घेता येतात.

एखाद्या कार्यालयात एका दिवशी पुढील सात बैठका ठरल्या आहेत, असे समजू.

| बैठक | प्रारंभ | समाप्ती |
|---|---|---|
| क | ९:०० | १०:३० |
| ख | ९:३० | १२:३० |
| ग | १०:०० | ११:०० |
| घ | १०:३० | ११:३० |
| च | ११:०० | १२:०० |
| छ | १२:०० | १३:०० |
| ज | १२:३० | १३:३० |

या प्रश्नाकडे पाहताना प्रथम सुचणारी युक्ती अशी की, प्रत्येक बैठक इतर किती बैठकींशी वेळेत आच्छादते ते मोजावे आणि त्यांतील सर्वांत मोठ्या संख्येत १ मिळवावा. ही युक्ती चुकीची आहे. वरील यादीत ‘ख’ ही तीन तासांची बैठक क, ग, घ, च आणि छ अशा पाच बैठकींशी आच्छादते. त्यावरून सहा कक्ष लागतील असा निष्कर्ष निघतो. परंतु क आणि छ या बैठका एकमेकींपासून दीड तास दूर आहेत, त्यांना वेगवेगळे कक्ष देण्याचे कारण नाही. एखाद्या बैठकीच्या संपूर्ण काळात किती बैठका येऊन गेल्या याला महत्त्व नसून, एकाच क्षणी किती बैठका चालू होत्या याला महत्त्व आहे. पुढील रीत नेमके तेवढेच मोजते.

## घटनांवरून सरकण्याची रीत

चालू बैठकींची संख्या प्रत्येक मिनिटाला बदलत नाही. ती केवळ कोणतीतरी बैठक सुरू होते किंवा संपते तेव्हाच बदलते. सात बैठकींसाठी असे १४ बदल होतात. प्रारंभाला +१ आणि समाप्तीला −१ असे चिन्ह देऊन या घटना वेळेच्या क्रमाने लावल्या जातात. एकाच क्षणी दोन्ही प्रकारच्या घटना असतील, तर समाप्ती आधी घेतली जाते. वरील उदाहरणात मोजणी पुढीलप्रमाणे होते.

| वेळ | संपलेल्या | सुरू झालेल्या | चालू बैठका |
|---|---|---|---|
| ९:०० | – | क | १ |
| ९:३० | – | ख | २ |
| १०:०० | – | ग | ३ |
| १०:३० | क | घ | ३ |
| ११:०० | ग | च | ३ |
| ११:३० | घ | – | २ |
| १२:०० | च | छ | २ |
| १२:३० | ख | ज | २ |
| १३:०० | छ | – | १ |
| १३:३० | ज | – | ० |

शेवटच्या स्तंभातील सर्वांत मोठी संख्या ३ आहे. म्हणून या सात बैठकींना तीन कक्ष लागतात.

बैठकींची नावे वरच्या तक्त्यात केवळ वाचकाच्या सोयीसाठी दिली आहेत. मोजणीला त्यांचा उपयोग नाही. १०:३० वाजता एक कक्ष रिकामा झाला एवढेच पुरेसे आहे, तो ‘क’ने सोडला की ‘ख’ने याने संख्येत फरक पडत नाही. क आणि ख यांच्या समाप्तीच्या वेळांची अदलाबदल केली, म्हणजे क ही बैठक १२:३० पर्यंत आणि ख ही १०:३० पर्यंत चालली, तरी तक्त्यातील संख्यांचा स्तंभ जसाच्या तसा राहतो. त्यामुळे प्रारंभांची आणि समाप्तींची अशा दोन स्वतंत्र याद्या करून त्या वेगवेगळ्या क्रमाने लावता येतात.

पायथन भाषेत ही रीत अशी लिहिली जाते:

```python
def min_rooms(meetings):
    starts = sorted(s for s, e in meetings)
    ends = sorted(e for s, e in meetings)
    rooms = best = j = 0
    for s in starts:
        while ends[j] <= s:
            rooms -= 1
            j += 1
        rooms += 1
        best = max(best, rooms)
    return best
```

येथे `rooms` ही चालू बैठकींची संख्या आहे आणि `best` ही आतापर्यंतची सर्वांत मोठी संख्या. प्रत्येक प्रारंभापूर्वी, त्या क्षणापर्यंत संपलेल्या सर्व बैठका वजा केल्या जातात. तुलनेतील `<=` या चिन्हामुळे समान क्षणी समाप्ती आधी मोजली जाते. शेवटच्या प्रारंभानंतर उरलेल्या समाप्ती पाहिल्या जात नाहीत, कारण त्यांनी संख्या कमीच होणार असते.

## उत्तर बरोबर का ठरते

एकाच क्षणी चालू असलेल्या बैठकींची सर्वांत मोठी संख्या k मानली, तर k पेक्षा कमी कक्ष पुरणार नाहीत हे उघड आहे, कारण त्या एका क्षणी k बैठकींना k वेगळे कक्ष हवेत. मात्र k कक्ष पुरतातच, हे सिद्ध करावे लागते. एखाद्या क्षणी तीनच बैठका चालू असल्या, तरी आधी केलेल्या वाटपामुळे पुढे अडचण येऊन चौथा कक्ष उघडावा लागेल, अशी शंका घेता येते.

ही शंका वाटपाच्या एका नियमाने दूर होते. बैठका प्रारंभाच्या क्रमाने घ्याव्यात, प्रत्येकीला त्या क्षणी रिकामा असलेला कोणताही उघडलेला कक्ष द्यावा आणि तसा एकही नसेल तरच नवा कक्ष उघडावा. या नियमाने कधी (k+१)वा कक्ष उघडावा लागला असे मानू. याचा अर्थ त्या क्षणी आधीचे k कक्ष व्यापलेले होते. त्यांतील k बैठका त्या क्षणी किंवा त्यापूर्वी सुरू झालेल्या आहेत, कारण बैठका प्रारंभाच्या क्रमाने घेतल्या आहेत. शिवाय त्या अजून संपलेल्या नाहीत. म्हणजे नवी बैठक धरून त्या एकाच क्षणी k+१ बैठका चालू आहेत. परंतु k ही सर्वांत मोठी संख्या असल्याने हे अशक्य आहे. म्हणून k कक्ष नेहमी पुरतात.

या सिद्धतेत प्रारंभाच्या क्रमाचा आधार घेतला आहे, हे महत्त्वाचे आहे. बैठका समाप्तीच्या क्रमाने घेऊन प्रत्येकीला पहिला मोकळा कक्ष दिला, तर जास्त कक्ष लागू शकतात. उदाहरणार्थ, ९ ते १०, ९ ते ११, ११ ते १३ आणि १० ते १४ अशा चार बैठका घेऊ. समाप्तीच्या याच क्रमाने पहिली बैठक पहिल्या कक्षात आणि दुसरी दुसऱ्या कक्षात जाते. तिसरी पुन्हा पहिल्या कक्षात बसते. चौथी १० वाजता सुरू होते, तेव्हा दुसरा कक्ष ११ वाजेपर्यंत व्यापलेला असतो आणि पहिला कक्ष ११ ते १३ या वेळेसाठी आधीच दिलेला असतो. परिणामी तिसरा कक्ष उघडावा लागतो. वास्तविक एका क्षणी दोनच बैठका चालू असतात. प्रारंभाच्या क्रमाने गेल्यास चौथी बैठक पहिल्या कक्षात आणि तिसरी दुसऱ्या कक्षात बसून दोन कक्षांत काम भागते.

## कक्षांचे प्रत्यक्ष वाटप

दोन स्वतंत्र याद्यांची रीत केवळ संख्या देते. कोणती बैठक कोणत्या कक्षात घ्यायची हे सांगण्यासाठी समाप्ती व कक्ष यांची जोडी जपावी लागते. त्यासाठी प्रत्येक उघडलेल्या कक्षाची मोकळा होण्याची वेळ ‘हीप’ या विदा-संरचनेत ठेवतात. हीपमधून सर्वांत लहान मूल्य चटकन काढता येते. नवी बैठक आली की सर्वांत आधी मोकळा होणारा कक्ष पाहिला जातो. तो मोकळा झाला असेल तर बैठक त्यात जाते. झाला नसेल तर दुसरा कोणताही कक्ष मोकळा असणे शक्य नसते, म्हणून नवा कक्ष उघडला जातो.

वरील सात बैठकींत क, ख आणि ग यांना अनुक्रमे पहिला, दुसरा व तिसरा कक्ष मिळतो. १०:३० वाजता ‘घ’ पहिल्या कक्षात जाते, ११:०० वाजता ‘च’ तिसऱ्या कक्षात जाते. १२:०० वाजता सर्वांत आधी, म्हणजे ११:३० लाच मोकळा झालेला पहिला कक्ष ‘छ’ला मिळतो आणि १२:३० वाजता तिसरा कक्ष ‘ज’ला मिळतो. पहिल्या कक्षात क, घ, छ, दुसऱ्यात केवळ ख आणि तिसऱ्यात ग, च, ज असे वाटप पूर्ण होते.

## लागणारा वेळ

n बैठकींच्या दोन याद्या क्रमाने लावण्यास O(n log n) वेळ लागतो. त्यानंतरच्या फेरीत प्रत्येक प्रारंभ एकदा आणि प्रत्येक समाप्ती जास्तीत जास्त एकदा पाहिली जाते, म्हणून ती फेरी O(n) वेळात पूर्ण होते. सर्व श्रम क्रम लावण्यातच जातात. हीप वापरूनही एकूण वेळ O(n log n) एवढाच राहतो. याउलट १०,००० बैठकींच्या प्रत्येक जोडीची तुलना केल्यास ४,९९,९५,००० तुलना कराव्या लागतात. क्रम लावण्याला काही लाख तुलना पुरतात.

सर्व वेळा एका दिवसातील पूर्ण मिनिटांत असतील, तर क्रम लावण्याचीही गरज उरत नाही. दिवसाच्या १,४४० मिनिटांसाठी तेवढ्या घरांची यादी करून प्रारंभाच्या घरात १ मिळवावा, समाप्तीच्या घरातून १ वजा करावा आणि पहिल्या घरापासून बेरीज करत जावे. एकाच मिनिटाचे +१ आणि −१ त्याच घरात एकत्र होत असल्याने समान क्षणांचा प्रश्नही आपोआप सुटतो. मध्यरात्री, म्हणजे २४:०० वाजता, संपणाऱ्या बैठकीसाठी यादीत एक जादा घर ठेवावे लागते.

## नेहमीच्या चुका

### समान क्षणांचा क्रम

समान क्षणी प्रारंभ आधी मोजला, तर वरील उदाहरणात १०:३० आणि ११:०० वाजता संख्या क्षणभर ४ होते आणि तीनऐवजी चार कक्ष हे उत्तर मिळते. वर दिलेल्या प्रोग्राममध्ये `<=` ऐवजी `<` लिहिल्यास हीच चूक होते. ती ओळखण्यासाठी ९ ते १० आणि १० ते ११ अशा दोनच बैठका देऊन पाहणे पुरेसे असते. उत्तर १ यायला हवे.

### मजकूर म्हणून लावलेल्या वेळा

वेळा संख्येऐवजी मजकुराच्या रूपात साठवल्या असतील, तर संगणक त्या अक्षरांच्या क्रमाने लावतो. त्या क्रमात `"9:00"` ही वेळ `"13:30"` नंतर येते, कारण पहिले अक्षर 9 हे 1 पेक्षा मोठे आहे. उदाहरणातील सात बैठका अशा क्रमाने लावल्यास १२:०० च्या प्रारंभापूर्वीच्या दोन समाप्ती वजा करताना संख्या शून्याखाली जाते आणि पुढे समाप्तींची यादी संपल्याने प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. ही त्रुटी टाळण्यासाठी केवळ यादीची मर्यादा तपासणारी अट जोडली, तर प्रोग्राम थांबत नाही, परंतु ३ ऐवजी १ हे उत्तर देतो. खरा उपाय वेळा मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलणे किंवा `"09:00"` असे सर्व वेळांना समान अंक देणे हा आहे.

### मध्यरात्र ओलांडणाऱ्या बैठका

१६:०० वाजता सुरू होऊन दुसऱ्या दिवशी २:०० वाजता संपणाऱ्या कामाची समाप्ती केवळ २:०० अशी नोंदवली, तर क्रमात ती प्रारंभाच्या आधी येते. ० ते १०, ८ ते १८ आणि १६ ते २ अशा तीन कामांवर रीत चालवल्यास चालू कामांची संख्या आळीपाळीने १ आणि ० होते. ती कुठेही ऋण होत नाही, शेवटी शून्यावर येते आणि उत्तर १ मिळते. प्रत्यक्षात ८ ते १० या वेळेत दोन कामे एकाच वेळी चालू असतात.

शेवटी संख्या शून्यावर आली ही बाब हिशेब बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही. जितके प्रारंभ तितक्याच समाप्ती असल्याने ती कोणत्याही आदानावर शून्यावरच येते. प्रारंभ व समाप्ती यांची जोडी तोडल्यानंतर उलट नोंद ओळखण्याचे साधन या रीतीपाशी उरत नाही. त्यामुळे प्रत्येक बैठकीची समाप्ती तिच्या प्रारंभानंतर आहे ना, हे याद्या वेगळ्या करण्यापूर्वीच तपासावे लागते. शून्य लांबीच्या नोंदीही याच टप्प्यावर गाळल्या जातात, अन्यथा त्यांची समाप्ती प्रारंभाआधी मोजली जाते.

### मधला वेळ

एक बैठक संपताच दुसरी सुरू होऊ शकते, हे गृहीतक प्रत्यक्षात नेहमी टिकत नाही. कक्ष आवरण्यास ठरावीक वेळ लागत असल्यास तो प्रत्येक समाप्तीत मिळवून तीच रीत चालवता येते. वरील उदाहरणात प्रत्येक बैठकीनंतर १० मिनिटे धरल्यास ‘क’चा कक्ष १०:४० वाजता मोकळा होतो. ‘घ’ सुरू होताना १०:३० वाजता चार कक्ष व्यापलेले असतात. म्हणजे १० मिनिटांच्या अवकाशासाठी चौथा कक्ष लागतो.

## मर्यादा

सर्व कक्ष सारखे आहेत आणि बैठकींच्या वेळा पक्क्या आहेत, ही या रीतीची गृहीतके आहेत. बैठकींच्या वेळा दिवसभरात कुठेही सरकवता येत असतील, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेव्हा प्रत्येक कक्षाचा दिवस हा एक डबा मानून त्यात बैठकींचे कालावधी बसवावे लागतात. हा प्रश्न एनपी-कठीण वर्गात मोडतो आणि त्याची नेहमी जलद चालणारी अचूक रीत ज्ञात नाही.

दुसरी मर्यादा रोज फिरून येणाऱ्या वेळापत्रकांची आहे. वरील तीन कामे २४ तास चालणाऱ्या केंद्रात रोज होतात आणि प्रत्येक कामाला रोज तोच कक्ष हवा, असे मानू. कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त दोन कामे चालू असतात. परंतु पहिले काम दुसऱ्याशी ८ ते १० या वेळेत, दुसरे तिसऱ्याशी १६ ते १८ या वेळेत आणि तिसरे पहिल्याशी ० ते २ या वेळेत आच्छादते. तिन्ही कामे परस्परांशी आच्छादत असल्याने तीन कक्ष लागतात, जरी तिन्ही एकाच क्षणी कधीच चालू नसली तरी. वेळेची रेषा वर्तुळाकार झाल्यावर ‘पहिला प्रारंभ’ असे काही उरत नाही आणि वरील सिद्धतेचा आधारच निघून जातो. रोज वेगळा कक्ष चालत असेल तर दिवस एकापुढे एक सरळ मांडता येतात आणि दोन कक्ष पुन्हा पुरतात.

## आलेख सिद्धांताशी संबंध

प्रत्येक बैठक हा एक बिंदू मानून आच्छादणाऱ्या बैठकींचे बिंदू रेषेने जोडल्यास मिळणाऱ्या आकृतीला अंतराल आलेख म्हणतात. जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग देण्याचा प्रश्न हा कक्षवाटपाचाच प्रश्न आहे. अंतराल आलेखात लागणारे किमान रंग आणि परस्परांशी जोडलेल्या बिंदूंच्या सर्वांत मोठ्या गटातील संख्या या दोन्ही समान असतात. सर्वसाधारण आलेखात असे घडेलच असे नाही. पंचकोनात परस्परांशी जोडलेले जास्तीत जास्त दोन बिंदू असतात, पण रंग मात्र तीन लागतात. वर्तुळावरील कंसांपासून बनलेल्या आलेखांचा रंगवाटप प्रश्न एनपी-पूर्ण असल्याचे गॅरी, जॉन्सन, मिलर आणि पापादिमित्रिऊ यांनी १९८० साली दाखवले.

हीच कल्पना इतर क्षेत्रांतही आढळते. हाशिमोतो आणि स्टीव्हन्स यांनी १९७१ साली मांडलेल्या रीतीत परिपथातील तारांचे आडवे तुकडे डाव्या टोकाच्या क्रमाने घेऊन कमीत कमी मार्गिकांमध्ये बसवले जातात. तेथे तार ही बैठक आणि मार्गिका हा कक्ष असतो. पोलेटो आणि सरकार यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली, संकलकातील चलांना प्रक्रियकाची रजिस्टरे वाटून देणारी रीतही चलांचे आयुष्य अंतराल मानून प्रारंभाच्या क्रमाने चालते. मात्र तेथे रजिस्टरांची संख्या ठरलेली असते. त्यामुळे चालू चलांची संख्या तिच्यापेक्षा वाढली की नवा कक्ष उघडण्याऐवजी एखादे चल स्मृतीत हलवावे लागते.